पागडीचा गाळा बहिणीच्या दवाखान्यासाठी हवा आहे : कोर्टात नक्की काय सिद्ध करावं लागेल?

नौपाडेकर_तळमजला
ठाण्यात नौपाड्यात वडिलांच्या नावावर जुनी इमारत आहे. रस्त्याकडच्या गाळ्यात आजोबांच्या वेळेपासूनचे पागडीचे भाडेकरू आहेत, शिवणकामाचं दुकान. भाडं ४१० रुपये, वेळच्या वेळी देतात, भांडण काही नाही. धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, २०२३ ला मास्टर्स झाली. सध्या स्कूटीवरून घरोघरी पेशंट करते. तिच्यासाठी हा गाळा हवा आहे. काका म्हणतात, 'मालकाला गरज आहे एवढं म्हटलं की झालं.' खरंच का?

वाशीचा_बाबा
मी वाशीतला फ्लॅट कोकण भवनला अर्ज करून रिकामा करून घेतला. करार संपला होता, माणूस हलत नव्हता. कोर्टाची पायरी चढूच नका.

कैफियत
बाबा, तुमचं लीव्ह अँड लायसन्स होतं. पागडीवाल्याला तो रस्ता लागू नाही. इथे भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६(१)(जी), आणि दावा ठाण्याच्या दिवाणी कोर्टात.

मालकच_राजा
काका बरोबर आहेत. मालकाने कुठे बसावं हे भाडेकरू सांगू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने कितीदा म्हटलंय. आणि ताबा मिळाला की पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कैफियत
पहिलं वाक्य अर्धं खरं. उपलब्ध जागांपैकी कुठली सोयीची, हे मालक ठरवतो. पण गरज खरी आहे की नुसती इच्छा, हे कोर्ट तपासतंच. दुसरं वाक्य तर घातक आहे. कलम १७ नुसार ताबा मिळाल्यापासून महिन्याभरात गाळा वापरात आणायला हवा आणि वर्षभर दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. तसं केलंत, तर जुना भाडेकरू १३ महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो.

नौपाडेकर, बहिणीची गरज वडिलांच्या नावाने मांडता येते. घरातल्या माणसाची गरज ती मालकाचीच, असं कोर्टं मानत आली आहेत. मात्र साक्षीला ती स्वतः उभी राहायला हवी. वडिलांनी एकट्याने सांगितलं आणि ती आलीच नाही, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. पदवी, नोंदणी, घरोघरी जाते त्याच्या पावत्या, सुरुवातीला लागणारे पैसे कुठून येणार, एवढं जवळ असू द्या. यंत्रं आधीच विकत घेऊन ठेवायची गरज नाही. आता खरा प्रश्न: तुमच्या वडिलांच्या ताब्यात ठाण्यात दुसरी जागा आहे का?

नौपाडेकर_तळमजला
आहे. त्याच इमारतीत मागच्या बाजूला छोटा गाळा आहे, कुरियरवाल्याला लीव्ह अँड लायसन्सवर दिलाय. पण तिथे तीन पायऱ्या आहेत, गुडघे दुखणारी आजी चढणार कशी? हे सांगायलाच हवं का?

कैफियत
वादपत्रातच सांगा, पहिल्याच पानांवर. लीव्ह अँड लायसन्स नोंदणीकृत असतो, त्याची प्रत समोरच्याला सहज मिळते. उलटतपासणीत ते बाहेर आलं की गाळ्याचा प्रश्न मागे पडतो आणि तुमच्या खरेपणाचा पुढे येतो. पायऱ्यांचे फोटो, दोन्ही गाळ्यांची मापं जोडा. 'तो गाळा का चालत नाही' याचं उत्तर तुम्ही आधी दिलंत तर ते कारण ठरतं, नंतर दिलंत तर सबब.

दोरा_सुई
मी भाडेकरूच्या बाजूने बोलते, आमचंही असंच दुकान आहे, कळव्यात. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं पत्त्यावर येतात. त्यांचं काय? ते कोर्ट बघत नाही?

कैफियत
बघतं ताई. कलम १६(२). गरज खरी ठरली, तरी ताबा देण्याने भाडेकरूचे हाल मालकापेक्षा जास्त होणार असतील, तर हुकूमनामा होत नाही. पण ते दाखवण्याचा भार मोठ्या प्रमाणात भाडेकरूवर येतो: त्याच भागात दुसरा गाळा शोधला का, कुठे, केवढ्याला. नुसतं 'रस्त्यावर येऊ' म्हणून भागत नाही. आणि अर्ध्या जागेत दोघांचंही भागत असेल, तर कोर्ट तेवढ्याच भागाचा ताबा देऊ शकतं. शिवणकामाच्या दुकानाला मागची खोली आहे का?

नौपाडेकर_तळमजला
नाही, एकच सलग आहे. पण त्यांच्या मुलाचं मानपाड्याला रेडीमेडचं दुकान आहे.

कैफियत
त्याचं शॉप अ‍ॅक्टचं रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे ते बघा. मुलाचं वेगळं दुकान म्हणजे बापाची पर्यायी जागा, असं आपोआप ठरत नाही. आणि कुरियरवाल्याचा करार कधीचा?

नौपाडेकर_तळमजला
२०२२ चा होता. जानेवारी २०२५ ला पुन्हा नवीन केला.

मालकच_राजा
अरे देवा.

कैफियत
म्हणजे बहीण शिकून बाहेर पडल्यावर. त्याने दावा मरतोच असं नाही, पायऱ्यांचं कारण तेव्हाही होतं. पण 'तेव्हा गाळा रिकामा होता, तिला का दिला नाही' हा प्रश्न वडिलांना आणि तिला वेगवेगळा विचारला जाणार, आणि दोघांची उत्तरं जुळायला हवीत. वडिलांनी तेव्हा नक्की काय विचार करून दिला होता?

नौपाडेकर_तळमजला
विचारतो. महिन्याचे अठरा हजार येतात म्हणून, असंच सांगतील बहुतेक.