पहाटे सेन्सरचा अलार्म वाजतो, पण लक्षणं काहीच नाहीत

नमस्कार मंडळी,
नवऱ्याला टाइप वन आहे, इन्सुलिन पेनने घेतो. हल्ली उजव्या दंडावर सेन्सर लावतोय. दिवसा आकडे बोटाशी जुळतात, पण पहाटे मधूनच अलार्म वाजतो: ५४, ५२. घाम नाही, थरथर नाही. काल मी ज्यूस पाजला, तर सकाळी साखर २४०! सेन्सर खराब निघतायत, की झोपेत खरंच साखर उतरते?
– वैशाली

वैशाली,
बोटाची साखर बघ आणि तो आकडा ॲपमध्ये टाकून तिथल्या तिथे कॅलिब्रेट कर. मी तेच करतो. शिवाय पहिल्या दिवशी सेन्सरवर फार भरवसा ठेवू नये. वॉर्म-अप संपला तरी माझा रात्रभर खालीच दाखवतो. म्हणून जुना संपायच्या आदल्या संध्याकाळी मी नवा टोचून ठेवतो आणि सकाळी चालू करतो.
– श्रीकांतकाका

वैशाली, तो कुठल्या कुशीवर झोपतो? आणि काही खायला न देता साखर आपोआप वर आली, अशी एखादी रात्र आहे का?
– मेधा

मेधाताई, उजव्याच कुशीवर. परवा मी काही दिलं नव्हतं. २:३५ ला ११८, मग ८४, मग ५५. अलार्मने तो जागा झाला, कूस बदलली, पाणी प्यायला. पाऊण तासाच्या आत परत ११२.
– वैशाली

मग बहुतेक दंड दबतोय. माझ्या मुलाचं लहानपणापासून हेच चाललंय. सेन्सरची तार कातडीखालच्या चरबीत, पेशींमधल्या द्रवात असते. अंगाचा भार पडला की तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथल्या पेशी साखर वापरत राहतात आणि नवी पोचत नाही. सेन्सर खोटं बोलत नाही, त्या चिमूटभर जागेत साखर खरंच कमी असते. कूस बदलली की ती भरून येते. म्हणून आलेखात सरळ खड्डा पडतो, तसाच भरतो.

पण नुसता आलेख बघून अलार्म बंद करून झोपू नका. रात्री उशिरा जास्त इन्सुलिन गेलं असेल, तरी साखर अशीच धाडकन उतरते. कूस बदलायला लावा, हात धुऊन बोट टोचा. बोटावर ७० च्या खाली असेल, किंवा त्याला घाम-थरथर असेल, तर ज्यूस द्याच. ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तरी ज्यूसच.

काका, बोट टोचायचं बरोबर, पण त्या क्षणी कॅलिब्रेट मात्र करू नये. दबलेल्या जागेत ५५ असताना आपण "हे ११५ आहे" असं शिकवलं, तर दाब सुटल्यावर तो भलताच वर दाखवेल, आणि त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर खरीच साखर उतरेल. आलेख सपाट असताना करा. आणि नवा आधी टोचून ठेवायची युक्ती, जे सेन्सर स्कॅन केल्यावर चालू होतात त्यांनाच जमते. काही टोचताक्षणी वॉर्म-अप सुरू करतात, त्यांना नाही. कंपनीच्या सूचनांत ती नसते.

जागेचं सांगते. सेन्सर लावण्याआधी त्याला नेहमीसारखं आडवं होऊ दे. दुसऱ्या हाताची बोटं दंड आणि गादीच्या मध्ये सरकवून कुठे दाब येतो ते चाचप, आणि न दबणाऱ्या मांसल जागी पेनने खूण कर. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, मागच्या बाजूला. फार मागे गेला तर उताणं झोपल्यावर दबेल.
– मेधा

विषय निघालाच आहे तर, माझ्या दंडावर चिकटपट्टीच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. आता पट्टीबाहेरही पुरळ येतंय, आणि दर सेन्सरला आधीपेक्षा लवकर. लावण्याआधी खोबरेल तेल चोळू का?
– सुनीता

सुनीता, तेल नको, पट्टी सुटेल. काढल्यावर, चट्टा उतरल्यावर लाव. पुरळ पट्टीबाहेर पसरणं आणि दर वेळी लवकर येणं, हे गोंदातल्या एखाद्या रसायनाच्या ॲलर्जीसारखं वाटतं. काही सेन्सरमध्ये आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनामुळे असं होत असल्याचं आढळलं होतं. त्वचातज्ज्ञांकडे पॅच टेस्टबद्दल विचार. तोवर त्या चट्ट्यावर पुन्हा सेन्सर नको.
– मेधा

मेधाताई, डाव्या दंडावर, मागे लावला. तीन रात्री शांत गेल्या. काल मात्र उताणा झोपला होता, सेन्सरवर ६४, बोटावर ७६. हे दाबाचं, की उतरत होती?
– वैशाली

दोन्ही असू शकतं. सेन्सर एरवीही थोडा पुढे-मागे असतोच, पण रात्री बोटावर ७६ मला जरा कमीच वाटते. हा आलेख आणि झोपतानाचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना दाखव. आज रात्री तीनला एकदा बोट टोचून बघ, अलार्म वाजो न वाजो.
– मेधा