खोट्या रिव्ह्यूंवर मीडियनचा उतारा चालतो का?

अमृता: आमच्या यादीत वस्तू सरासरी रेटिंगनुसार लागतात. कुणी तीन-चार खोटे एक-स्टार टाकले की चांगली वस्तू खाली जाते. सरासरीऐवजी मीडियन, म्हणजे रेटिंग क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा का?

सुहास: डोळे मिटून घ्या. निम्मे रिव्ह्यू खोटे होईपर्यंत मीडियन जागचा हलत नाही. सरासरीला एकटा माणूससुद्धा ओढतो.

मेधा: सुहास, निम्म्याची गोष्ट पाच स्टारांवर तशी लागू होत नाही. एक वस्तू घ्या, 20 रेटिंग: बारा 5, सहा 4, दोन 3. सरासरी 4.5, मीडियन 5. तीन खोटे 1 आले की सरासरी 4.04 होते, मीडियन 5च राहतो. इथवर तुमचं बरोबर. पण पाचवा खोटा आला की 25 रेटिंगमधला तेरावा आकडा 4 असतो. म्हणजे पाचातला एक रिव्ह्यू खोटा असला तरी मीडियन अख्खा स्टार खाली आला. आठ जणांनी आधीच 5 पेक्षा कमी दिले होते, तेव्हा मधली जागा कडेलाच होती.

मला याहून खटकतं ते वेगळंच. दुसरी वस्तू बघा: अकरा 5 आणि नऊ 1. मीडियन पुन्हा 5! वीसातले नऊ जण नाराज, तरी ती पहिल्या वस्तूच्या बरोबरीला. बहुतेक वस्तूंचा मीडियन 4 किंवा 5 येणार, मग क्रम लावणार कशावर?

निखिल: माझ्या अ‍ॅपला आठ 5 आणि एक 4 होते. एका रात्रीत चार 1 आले, सरासरी 3.69 झाली. महिनाभर तक्रारी केल्या, कुणी काढले नाहीत. ते काढून कसे घ्यायचे, हे कुणी सांगेल का?

मेधा: काढण्याचं ज्याच्या-त्याच्या प्लॅटफॉर्मवर असतं, इथे प्रश्न क्रमाचा आहे. तुमचा मीडियन मात्र अजून 5च आहे, कारण बहुतेकांनी 5 दिले होते.

सुहास: बरोबरीचं मान्य. मग दोन्ही टोकांचे थोडे रिव्ह्यू सोडून सरासरी काढा. मेधा, तुमच्याच पहिल्या वस्तूचे तीन खोटे धरून 23 रेटिंग होतात, त्यातले वरचे दोन, खालचे दोन सोडले की 4.26 येते. बरोबरीही सुटते.

मेधा: अमृता, मीही हेच करेन. पण ठरावीक टक्के सोडा, म्हणजे रिव्ह्यू वाढले तरी चालेल. आणि कमी रेटिंगच्या वस्तू वेगळ्या हाताळा. दोनच 5 असलेली वस्तू यातल्या कुठल्याही पद्धतीने वरच बसते.

अमृता: पण दुसऱ्या वस्तूचे नऊ 1 खरे असले तर? त्यातलेही दोन आपण टाकून देणार ना?

सुहास: टाकणार. खरे की खोटे, हे आकड्यावरून कळत नाही. एकाच दिवशी, नव्या खात्यांवरून आले का, ते आधी तपासा.

मेधा: नवं खातं म्हणजे खोटं, असं मी धरणार नाही. नाराज माणूस बहुधा तक्रारीसाठीच पहिल्यांदा खातं उघडतो.