कोड कोणाचा?

> आमचा तिसरा पार्टनर आठ महिन्यांत सोडून चाललाय. कंपनी रजिस्टर व्हायच्या आधीच अॅपचा सगळा कोड त्याने लिहिलाय. तो आता कंपनीचाच ना?

नाही, लेखी काही नसेल तर तो त्याचाच. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा होतो, पण तेव्हा तुमची कंपनीच नव्हती, मग मालक कोण? व्हॉट्सअॅपवरचं "हो रे, सगळं आपलंच" यावर तर अजिबात विसंबू नका, कॉपीराइट द्यायचा तर लेखी आणि त्याच्या सहीनेच.

त्या कागदात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत नसेल तर हस्तांतर फक्त ५ वर्षांचं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी" असं स्पष्ट लिहा, रिपॉझिटरीचं नाव घाला. आमच्याकडे हेच राहिलं होतं, गुंतवणूकदाराच्या वकिलाने नेमकं तेच पान मागितलं आणि गेलेल्या मित्राच्या सहीसाठी आम्ही दीड महिना त्याच्या मागे फिरलो, फार वाईट दिवस होते ते.

शेअर्सचं म्हणाल तर, समजा त्याच्या नावावर ३०% आहेत आणि करारात ४ वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे शेअर्स चार वर्षांत हळूहळू त्याचे पक्के होणार, आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्ष पुरं होण्याआधी एकही पक्का नाही, असं आहे, तर आठ महिन्यांत काहीच व्हेस्ट झालेलं नाही, म्हणजे करारात ठरलेल्या किमतीला, बहुधा दर्शनी किमतीलाच, ते तुम्ही दोघांनी घ्यायचे. असा करारच नसेल तर ३०% त्याचेच राहतात, मग भाव तो सांगेल. कोडची सही आणि शेअर्सचं बोलणं एकाच बैठकीत उरका, तो अजून ऑफिसला येतोय तोवरच.