सल्ला हवा: सांगलीतल्या आई-आप्पांना फॅमिली प्लॅनचं आमंत्रण स्वीकारायला कसं समजावू?

कृष्णाकाठ_पुण्यात

मी पुण्यात, आई-आप्पा विश्रामबागला. गूगल वनचा १०० जीबीचा प्लॅन घेतलाय, वर्षाचे १३०० रुपये. एकट्याला एवढी जागा लागत नाही, म्हणून फॅमिली शेअरिंग चालू करून दोघांना आमंत्रण पाठवलं. आईच्या फोनवर महिनाभर ‘जागा संपली’ येतंय आणि भाचीच्या बारशाचे फोटो कुठेच सेव्ह होत नाहीयेत.

दोनदा पाठवलं. आई म्हणते काहीच आलं नाही. आप्पांना मेल आलाय, पण ते उघडत नाहीत. बँकेतल्या माणसाने सांगितलंय की लिंकवर बोट लावायचं नाही, आणि आप्पा ते शब्दशः पाळतात. फोनवर तीन वेळा सांगून झालं, शेवटी दोघांचाही आवाज चढला.

म्हणून आता लिहून पाठवायचंय. हा माझा मसुदा:

“आई, जीमेल उघड. गूगलचा मेल शोध. त्यात Accept दाब. पुढे येईल ते सगळं ओके कर. झालं की वरती तुझ्या प्रोफाइलमध्ये स्टोरेज चेक कर.”

यात काय बदलू?

साताऱ्याचा_कंदी

आमच्याकडे पण फॅमिली प्लॅनने डोकं उठवलं होतं. एजंट म्हणाला फ्लोटर घ्या, आणि आईचं वय ६१ निघालं म्हणून हप्ता एकदम वाढला. पॉलिसीत वडिलांची मधुमेहाची माहिती आधीच लिहून द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी अडवतात.

कृष्णाकाठ_पुण्यात

भाऊ, विमा नाही. फोटो ठेवायच्या जागेचा प्लॅन.

साताऱ्याचा_कंदी

अरेच्चा. मग राहू दे. पण मधुमेहाचं लक्षात ठेव.

डेटावाला_मिरज

सोपं आहे, उगाच ताण घेतोयस. एकदा घेतला की पाच जणांना देता येतो आणि प्रत्येकाला १०० जीबी मिळतात. यूट्यूबचा फॅमिली प्लॅनपण असाच घे, आई-आप्पांना जाहिराती बंद. तू मॅनेजर आहेस, त्यामुळे त्यांचे फोटो तुलाच दिसतील, हवे ते डाउनलोड करून घे.

तारा_जुळवणारी

डेटावाला, पाच जणांचं बरोबर आहे (मॅनेजर धरून सहा). बाकी दुरुस्त करते, नाहीतर उद्या आप्पा फोटोंवरून भांडतील.

१०० जीबी प्रत्येकी नसतात, तो सगळ्यांचा मिळून एक हौद आहे. प्रत्येकाचे फुकटचे १५ जीबी स्वतंत्र राहतात. ते भरले की मग हौदातलं वापरलं जातं. आणि कोणाचे फोटो-मेल कोणाला दिसत नाहीत. मॅनेजरला कोणी किती जागा वापरली एवढंच दिसतं. एकमेकांना दिसतं ते नाव, प्रोफाइलचा फोटो आणि ईमेलचा पत्ता.

यूट्यूबचं मात्र वेगळं आहे. त्या फॅमिली प्लॅनच्या अटीत सगळे एकाच पत्त्यावर राहणारे असावेत असं लिहिलंय. पुणे आणि सांगली म्हणजे दोन पत्ते. गूगल वनच्या फॅमिली ग्रुपला सदस्य एकाच देशात असले की पुरतं, म्हणून तुझं चालतं.

आता आईचा मेल. तिची जागा भरलीय म्हणालास ना? गूगल खात्याची जागा पूर्ण भरली की जीमेलला नवा मेल येणंच थांबतं, आणि जागा मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांची मिळून एकच मोजतात. म्हणजे तू जागेचं आमंत्रण अशा पेटीत टाकतोयस जी जागा नाही म्हणून बंद आहे. कितीही वेळा पाठव, जाणार कुठे? आधी थोडी जागा मोकळी करून दे, मग नव्याने पाठव. तशीही जुनी आमंत्रणं दोन आठवड्यांनी बाद होतात.

कृष्णाकाठ_पुण्यात

हे डोक्यातच आलं नाही. मी इकडे तिला ‘नीट बघ, असेल’ म्हणून ओरडत होतो. जागा कशी मोकळी करायला सांगू? फोटो डिलीट कर म्हणू?

तारा_जुळवणारी

फोटोंना हात लावायला सांगू नकोस! गूगल फोटोंमधून उडवला की फोनमधूनही जातो, आणि बारशाचे फोटो त्यातच असायचे. मेलमधून सुरुवात कर. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकायचं:

```
has:attachment larger:10M
```

मोठ्या जोडपत्रांचे मेल समोर येतात. नको असलेले उडवले की Bin मध्ये जातात (काही फोनांत Trash), पण तिथेही ते जागा धरून असतात. Bin रिकामी करायला विसरली तर काहीच फरक पडणार नाही.

हे तिला फोनवर टाइप करायला लावू नकोस. ओळ व्हॉट्सॅपवर पाठव, ती कॉपी करून चिकटवेल. कोलनच्या पुढे जागा पडली की शोध बिघडतो.

आणखी एक. व्हॉट्सॅपचा बॅकअप आता याच १५ जीबीत मोजला जातो. सुप्रभातचे व्हिडिओ सगळे त्यात. पुढे कधी गेलास की Settings, Chats, Chat backup मध्ये जाऊन Include videos बंद कर.

निवृत्त_मास्तर_सांगली

मी पालकांच्या बाजूने लिहितो. वय ७२. तुमचा मसुदा माझ्या मुलाचाही असाच असतो.

‘गूगलचा मेल शोध’ म्हणजे काय? माझ्या पेटीत रोज गूगलचे चार मेल येतात. ‘पुढे येईल ते सगळं ओके कर’ हे तर लिहूच नका. हेच वाक्य फसवणारा माणूस फोनवर बोलतो. आप्पा उघडत नाहीत ते बरोबरच आहे, त्यांना बोलू नका. मी असतो तर मीही उघडलं नसतं.

आम्हाला हवं असतं ते असं: पडद्यावर काय दिसेल, आणि कशाला बोट लावायचं नाही. आणि एका निरोपात एकच काम. दहा ओळींचा निरोप आला की जीमेल उघडल्यावर तो मागे जातो, मग परत व्हॉट्सॅप, परत जीमेल, तोपर्यंत पडदा काळा.

कृष्णाकाठ_पुण्यात

मास्तर, तुमचं अगदी पटलं. तुम्ही म्हणता तसं तुकडे पाडतो.

दरम्यान काल रात्रीचं सांगतो. आईने ती ओळ चिकटवली. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने पाठवलेल्या स्मरणिकेच्या पीडीएफ निघाल्या, त्याच त्याच पाच वेळा. उडवल्या, Bin रिकामी केली, सहाशे एमबी सुटले. मी जुनं आमंत्रण रद्द करून नवं पाठवलं, पण तरी मेल नाही!

तारा_जुळवणारी

फोनवर खाती किती आहेत? जीमेलमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट लावून ती वाचून दाखवायला सांग. दुकानदाराने फोन विकताना एक नवं खातं काढून दिलेलं असतं आणि फोटो त्यात जातात. तू पाठवतोयस जुन्यावर.

कृष्णाकाठ_पुण्यात

दोन निघाली! मी पाठवत होतो ते आईच्या नावाचं. तिने दाखवलेलं दुसरं, नावामागे फोनचा जुना नंबर. आणि फोटो ज्यात जातायत ते नंबरवालं. फोटो अॅपमध्येही वरच्या गोलावर बघून खात्री केली. आता नंबरवाल्यावर पाठवतोय.

सुधारलेले निरोप असे. प्रत्येकानंतर तिचं उत्तर येईपर्यंत थांबणार:

१. “आई, आजचा मेल मी पाठवलाय, म्हणून उघडायला हरकत नाही. त्यात माझं नाव असेल. नाव नसेल तर उघडू नकोस, मला फोन कर.”

२. “जीमेल उघड. वर उजव्या कोपऱ्यात गोल आहे, त्यावर बोट लाव. नंबर असलेलं नाव निवड. झालं की ‘हो’ लिही.”

३. “वरून पहिल्या चार-पाच मेलमध्ये माझं नाव असलेला मेल दिसतोय का? नसेल तर डावीकडच्या तीन रेघांवर जाऊन Spam मध्ये बघ.”

४. “मेल उघड. आत एक बटण असेल, Accept ने सुरू होणारं. फक्त तेवढंच दाब. पुढचं पान उघडलं की त्याचा फोटो मला पाठव, माझं उत्तर येईपर्यंत थांब.”

५. “कुठेही कार्डाचा नंबर, यूपीआय पिन किंवा ओटीपी मागितला तर लगेच बंद कर. सामील व्हायला पैसे लागत नाहीत. पासवर्ड मागितला तर आप्पांच्या वहीत आहे, पण तो मला लिहून पाठवू नकोस, तिथेच भर.”

आप्पांना वेगळा पाठवतो: “आप्पा, तुम्ही बँकेचं ऐकलंत ते बरोबर. हा मेल कोणाचा आहे ते मी आधी फोन करून सांगतो, मग तुम्ही उघडा.”

निवृत्त_मास्तर_सांगली

चौथा चांगला आहे. पण ‘पानाचा फोटो पाठव’ कसा काढायचा? दोन बटणं एकत्र दाबायची हे आम्हाला जमत नाही. आप्पांच्या फोनने आईच्या फोनचा फोटो काढायला सांगा.

आणि पाचव्यात पासवर्डाचं वाक्य आधी आणा. ते शेवटी असल्यामुळे वाचायच्या आत कोणीतरी पाठवून देईल.

डेटावाला_मिरज

त्यापेक्षा रविवारी एसटीने या आणि स्वतःच करून द्या. मी तर विश्रामबागलाच आहे, सांगा, जातो.

कृष्णाकाठ_पुण्यात

आप्पांचं झालं! फोनवर सांगितल्यावर स्वतःहून उघडला. माझ्याकडे गूगल वनच्या यादीत त्यांचं नाव दिसतंय.

आईचं Accept दाबल्यावर मात्र इंग्रजीत काहीतरी आलं. आप्पांनी फोटो पाठवलाय: आधीच एका फॅमिली ग्रुपमध्ये आहात. दोन वर्षांपूर्वी ताईने कसल्यातरी अॅपसाठी जोडलं असणार, कोणालाच आठवत नाही.

तारा_जुळवणारी

एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहता येतं. आईला त्यातून बाहेर पडावं लागेल. तिच्याच खात्याने `families.google.com` उघडायचं, ग्रुपमधून बाहेर पडण्याचा पर्याय तिथे आहे, पासवर्ड विचारतो. पण ग्रुप बदलायची मुभा १२ महिन्यांतून एकदाच आहे. म्हणजे तुझ्या ग्रुपमध्ये आली की वर्षभर दुसरीकडे जाता येणार नाही. आधी ताईला विचार, तिच्या प्लॅनमधून आई काही वापरते का.

दुसरा मार्ग असा की ताईच मॅनेजर राहील आणि तूच तिच्या ग्रुपमध्ये जाशील. पण मग प्लॅन तिच्या नावावर लागेल.

कृष्णाकाठ_पुण्यात

ताई हुबळीला आहे, आणि ती आजपर्यंत कोणालाही पैसे मागत नाही. प्लॅन तिच्यावर टाकला तर भाऊबीजेला पाच वर्षांचा हिशोब निघेल. रात्री बोलतो तिच्याशी. बारशाचे फोटो तोवर आप्पांच्या फोनवर पाठवून ठेवायला सांगितलेत.