नेट रन रेट: टेबल चुकलंय की गणित?

कव्हर ड्राइव्ह: लीगच्या टेबलात आमचा नेट रन रेट −१.४१९ दाखवलाय. मी काढला तर −०.३५४ येतो. पहिली मॅच: आमचे २० ओव्हरमध्ये १८०, त्यांचे २० ओव्हरमध्ये ८ बाद १५०. दुसरी: आम्ही १४.३ ओव्हरमध्ये ९० ऑल आउट, त्यांनी ९.३ ओव्हरमध्ये ९१ काढले. साधा भागाकार आहे. आयोजकांनी हात मारलाय, दुसरं काय!

जुना स्कोअरर: ऊठसूट आयोजकांना चोर ठरवायची फॅशनच झालीये, म्हणून सविस्तर लिहितो. टेबल बरोबर आहे. ऑल आउट झालात की १४.३ नाही, पूर्ण २० ओव्हर धरतात. म्हणजे तुमचे २७० रन ४० ओव्हरमध्ये, रेट ६.७५. दिलेले २४१ रन २९.३ ओव्हरमध्ये, पण त्या .३ म्हणजे तीन बॉल, अर्धी ओव्हर. कॅल्क्युलेटरवर २९.५ टाका, ८.१६९ येईल. आता वजाबाकी करा. बॉलच्या चुकीने ०.०५६ इतकाच फरक पडतो, खरा घोळ ऑल आउटचा.

स्लिपमधला: एवढा व्याप कशाला? दर मॅचचा रेट काढायचा आणि सरासरी घ्यायची. ऑल आउट धरून पहिल्या मॅचचा +१.५, दुसरीचा −५.०७९. सरासरी −१.७९. म्हणजे टेबल चूकच!

जुना स्कोअरर: दोन्ही आकडे बरोबर, सरासरी चूक. आधी सगळ्या मॅचचे रन आणि ओव्हर यांच्या बेरजा, मग भागाकार. दुसऱ्या मॅचमध्ये यांनी साडेनऊच ओव्हर टाकल्या, म्हणून तो मार एकूण साडेएकोणतीस ओव्हरमध्ये विरून गेला. सरासरीत मात्र तो अर्धा वाटा खातो.

कव्हर ड्राइव्ह: वा! म्हणजे हरायचं तर पटकन हरा, फायदा होतो!

जुना स्कोअरर: तेच ९१ रन २० ओव्हरमध्ये दिले असते, तर आज तुम्ही +०.७२५ वर असता. बघा फायदा कशात आहे ते.

गुगली: ऑल आउटचा नियम नसेल तर पाच ओव्हरमध्ये ५० रनांत गारद झालेल्यांचा रेट १० दिसेल. २०१९ वर्ल्ड कप आठवा. वेस्ट इंडिजसमोर पाकिस्तान २१.४ ओव्हरमध्ये १०५ ऑल आउट, म्हणून ५० ओव्हर धरल्या, रेट २.१. समोरच्यांनी १३.४ ओव्हरमध्ये १०८ काढले. पहिल्याच मॅचला −५.८०२. ते ओझं शेवटपर्यंत उतरलं नाही.

थर्डमॅन: बरं झालं विषय निघाला! त्या वेळी पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण, आणि पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलेलं. तरी सेमीला न्यूझीलंड, का तर +०.१७५ आणि −०.४३०! आपसातली मॅच आधी बघायला नको का? आमचाही संघ असाच गेलाय. ज्यांना हरवलं तेच पुढे गेले. अजून डोकं तापतं.

गुगली: तीन संघ बरोबरीत आले, अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवलं, तर काय चिठ्ठ्या टाकणार?

थर्डमॅन: तेव्हा वापरा की तुमचा रन रेट! दोघांतच बरोबरी असताना कशाला? आणि गणित खेळाडूंनाच कळत नाही. २०२३ चा आशिया कप, लाहोर. रन रेटवर पुढच्या फेरीत जायला अफगाणिस्तानला श्रीलंकेविरुद्ध ३७.१ ओव्हरमध्ये २९२ हवे होते. त्या बॉलवर विकेट गेली, सगळे समजले खेळ संपला. खरं तर ३७.४ पर्यंत २९५ केले असते तरी जमत होतं. एक सिक्सर हवा होता, फारुकी बॉल अडवत बसला. ३७.४ ला २८९ वर ऑल आउट, मॅचही दोन रनांनी गेली. कोच ट्रॉट म्हणाले, आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

स्लिपमधला: टार्गेट गाठल्यावर डाव संपतो ना? मग २९५ कुठून?

जुना स्कोअरर: २८९ वर असताना सिक्सर मारला की २९५च लागतात, २९२ वर कापत नाहीत. पण दोष गणिताचा नाही, कागद-पेन्सिल न घेता बसलेल्या डगआउटचा.

थर्डमॅन: हो, तुमचं गणित कधी चुकतच नाही! मग सांगा, ९१ रन एकही विकेट न देता काढले काय आणि ९ विकेट पडून काढले काय, रेट तोच. हा न्याय?

जुना स्कोअरर: न्याय नाही. या हिशेबात विकेट येते ती फक्त दहावी पडली तरच. एवढं मान्य.

कव्हर ड्राइव्ह: चला, यांनी काहीतरी मान्य केलं! टेबलाचं राहू द्या, असेल बरोबर. पुढची मॅच पावसामुळे १२ ओव्हरची झाली आणि आम्ही पुन्हा ऑल आउट झालो, तर २०च धराल ना?

जुना स्कोअरर: सुरुवातीपासूनच १२ ची ठरली असेल तर १२. मध्येच ओव्हर कापल्या तर डकवर्थ-लुईस, त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि आधी ऑल आउट व्हायचं थांबवा.