मदत हवी आहे: स्वादुपिंडाला सूज, आणि दुसऱ्याच दिवशी पेज?

माडाखालची
आई ५८ वर्षांची, गाव गुहागरजवळ. परवा रात्री अकराला बेंबीच्या वर दुखायला लागलं, कळ थेट पाठीत. उलट्या थांबेनात म्हणून चिपळूणला आणलं. रक्तात स्वादुपिंडाचं एन्झाइम लायपेज १८४०, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे. अ‍ॅक्यूट पॅनक्रियाटायटिस, पण सध्या तरी सौम्य, असं डॉक्टर म्हणतात. आज सकाळी आईने भूक लागल्याचं सांगितलं तर म्हणाले, पेज द्या!
२००९ मध्ये मामाला हेच झालं होतं, तेव्हा आठ दिवस तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. मामा इथे खाटेशेजारी बसलाय, पेज देऊ देत नाहीये. १८४० आकडा सौम्य कसा? आणि पेज द्यायची की नाही?

समुद्रकाठचा
पित्तावर आमसुलाचं पाणी द्या. जागरण टाळा. माझं वीस वर्षांचं पित्त गेलं.

माडाखालची
काका, ते पित्त नव्हे. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला असणार, असं म्हणतायत.

लॅबवाला
लायपेज नेहमीच्या तिप्पट वर गेलं आणि पोट तसं दुखत असलं की निदान पक्कं. १८४० म्हणजे मोठाच झटका. अन्न पोटात गेलं की स्वादुपिंड रस सोडतं, त्यामुळे उपाशी ठेवणंच बरोबर.

रात्रपाळी
मी मेडिसिनमध्ये काम करते. निदानाचं लॅबवाल्यांनी बरोबर सांगितलं, पण पुढचं नाही. लायपेज निदानापुरतं. ४००० असलेला माणूस चौथ्या दिवशी घरी जातो आणि ६०० वाला आयसीयूत.
गंभीरपणा ठरतो तो मूत्रपिंड, फुप्फुसं, रक्तदाब यांच्यावरून. काहीच बिघडलं नाही आणि स्वादुपिंडाभोवती पाणी साठणं, भाग मरणं असंही नसेल, तर सौम्य. एखादा अवयव बिघडून ४८ तासांच्या आत सावरला, किंवा स्वादुपिंडाशीच गुंतागुंत झाली, तर मध्यम. बिघाड ४८ तासांपलीकडे टिकला तर गंभीर. आईला अजून दीड दिवसच झालाय, म्हणून ‘सध्या तरी’. लघवी मोजताय ना? वजन साठ किलो धरलं तर तासाला तीसेक मिली हवी. ती घटली, धाप लागली किंवा आई असंबद्ध बोलायला लागली तर लगेच सिस्टरना हाक मारा.
आता पेज. मामांच्या वेळी विचार लॅबवाल्यांसारखाच होता: ग्रंथीला आराम द्या. पण आतड्याच्या अस्तराचं पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नावर होतं. ते उपाशी राहिलं की विरतं, आणि आतड्यातले जंतू पलीकडे झिरपू शकतात. स्वादुपिंडाचा भाग मेला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथेच पू होण्याची भीती. म्हणून २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतही झेपत असेल तर २४ तासांत तोंडाने सुरू करा असंच आहे. लायपेज उतरायची वाट बघत नाहीत. सौम्य आजारात यामुळे लोक लवकर घरी जातात. जीव वाचतात असा दावा मात्र मी करणार नाही.

खारवी_४४
माका पण झाला होता. सगळ्यांनी दारूच धरली. मी थेंबाला शिवत नाही! ट्रायग्लिसराइड २४०० निघालं, रक्त दुधासारखं दिसत होतं. मला दुसऱ्या दिवशी सूप दिलं आणि ओकलो. मग?

रात्रपाळी
मग थांबायचं आणि काही तासांनी पुन्हा थोडं. उलट्या चालू असतील किंवा पोट फुगलेलं असेल तर जबरदस्ती नाही. चार-पाच दिवसांतही जमलं नाही तर नाकातून नळी घालून अन्न देतात, शिरेतून देण्यापेक्षा ते बरं. माडाखालची, पेजेत मीठ घाला, नारळाचा रस नको. मऊ भातही चालेल, आधी नुसतं पाणीच द्यायला हवं असं नाही.

माडाखालची
चार चमचे दिली. दुखणं वाढलं नाही. मामा बाहेर जाऊन बसलाय.
पण पित्ताशय सहा आठवड्यांनी काढू म्हणतात.

रात्रपाळी
सौम्य असेल तर शक्यतो याच भरतीत काढतात. खडे तिथेच राहिले तर मधल्या काळात पुन्हा झटका येऊ शकतो. थांबण्याचं कारण विचारा.

लॅबवाला
सूज असताना कापाकापी? मला नाही पटत.

रात्रपाळी
सुजेत नव्हे, दुखणं थांबून आई जेवायला लागल्यावर. भोवती पाणी साठलेलं दिसलं तर मात्र थांबणंच योग्य, तेही विचारून घ्या.

माडाखालची
सर्जन बुधवारीच येतात इथे. तोवर सिस्टर लघवी लिहून ठेवतायत, दुपारी चार तासांत १५० झाली. आई विचारतेय, कुळथाचं पिठलं कधी?