एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटतं: ऑप्टिकल स्विचचा कीबोर्ड घ्यावा का?

टंकवेडी: मेकॅनिकल कीबोर्डवर e दाबला की अधूनमधून ee येतं. बाकी कळा ठीक. हॉट-स्वॅप आहे, म्हणजे सोल्डर न काढता स्विच बदलता येतो. फर्मवेअर QMK. दिवसभर टायपिंग असतं. सरळ ऑप्टिकल घेऊ का?

खटपट्या: घ्याच. कळ दाबल्याचं प्रकाशाने कळतं, धातूला धातू लागतच नाही, मग झिजणार काय? धातूची पत्ती थरथरून कळ दोनदा लागू नये म्हणून थोडं थांबायचं, त्या डिबाउन्सची भानगडही नाही.

उलटा_स्क्रू: डिबाउन्सचं बऱ्यापैकी खरं, झिजण्याचं नाही. स्टेम आणि स्प्रिंग ऑप्टिकलमध्येही घासतातच. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: बहुतेक ऑप्टिकल कीबोर्डांत इन्फ्रारेड एलईडी आणि सेन्सर स्विचमध्ये नसतात, बोर्डावर सोल्डर केलेले असतात. त्यातला एक गेला की स्विच बदलून उपयोग शून्य.

टंकवेडी, आधी e आणि w चे स्विच आपसात बदला. दोष w वर गेला तर स्विच खराब. e वरच राहिला तर सॉकेट किंवा त्याचं सोल्डर बघा. वेळ दाखवणाऱ्या की-टेस्टरमध्ये दोन अक्षरांमधलं अंतरही पाहा.

माऊसमामा: माझा माऊसही डबल क्लिक करतो. त्यालाही हे स्विच बसतील का?

उलटा_स्क्रू: नाही हो, माऊसमधला मायक्रोस्विच वेगळा. वेगळा धागा काढा.

टंकवेडी: आता ww येतंय. सुटल्यापासून पुन्हा लागेपर्यंत 7 ते 9 मिलिसेकंद.

उलटा_स्क्रू: म्हणजे स्विचच. इतक्या चटकन बोट उचलून पुन्हा दाबता येत नाही. QMK मूळ सेटिंगमध्ये 5 मिलिसेकंदच थांबतं, म्हणून 7 चा झटका निसटतो. `config.h` मध्ये:

```c
#define DEBOUNCE 10
```

आणि `rules.mk` मध्ये:

```make
DEBOUNCE_TYPE = asym_eager_defer_pk
```

दुसरी ओळ विसरू नका. नुसता आकडा वाढवला तर मूळ पद्धतीत प्रत्येक कळ 10 मिलिसेकंद उशिरा पोचते. या पद्धतीत दाबणं लगेच जातं, थांबतं ते फक्त सोडणं. अर्थात ही मलमपट्टी. स्विचमधल्या पत्तीवर मळ वाढला की 10 ही पुरणार नाहीत, तेव्हा तो एक स्विच बदला.

खटपट्या: बरं, पण ऑप्टिकल मऊ चालतो, हे तरी मान्य करा.

उलटा_स्क्रू: लिनियरमध्ये, म्हणजे मधे टप्पा न लागता सरळ खाली जाणाऱ्या स्विचमध्ये, मान्य. स्टेमला पत्ती ढकलावी लागत नाही, त्यामुळे घासणं कमी. टॅक्टाइलचं उलटं आहे. मेकॅनिकलमध्ये स्टेमचा उंचवटा त्याच पत्तीवरून सरकतो, म्हणून बोटाला टप्पा लागतो. ऑप्टिकलमध्ये त्यासाठी वेगळी पट्टी घालावी लागते, आणि टप्पा जिथे लागतो तिथेच कळ नोंदली जाईल असं नाही.

खटपट्या: टायपिंग करणारा शेवटपर्यंत दाबतोच की! कुठे नोंदली याने काय फरक पडतो?

उलटा_स्क्रू: सगळे नाही दाबत. टंकवेडी, तुम्ही टॅक्टाइल वापरता की लिनियर?

टंकवेडी: टॅक्टाइल. आणि तळापर्यंत दाबत नाही. मग सध्या एक स्विचच मागवते.